थेरपीचं बिल क्लेममध्ये कुठे बसतं आणि कुठे अडकतं

प्रश्न: माझा मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझम आहे. स्पीच थेरपी आणि ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी मिळून महिन्याला १४ हजार जातात. मेडिक्लेममध्ये टाकलं तर "ओपीडी आहे, कव्हर नाही" म्हणून एका ओळीत रिजेक्ट. जावेच्या मुलीला सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे, तिच्या पायाचं ऑपरेशन ठरलंय, त्यानंतर फिजिओ बरीच लागणार. आमच्यासारख्यांना नक्की कुठला खर्च मिळतो? निरामय घ्यावं का?

उत्तर:

ताई, मी आठ वर्षं एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेत, क्लेमच्या फायली तपासायचे, आणि आता एका संस्थेत पालकांना त्याच फायली लावून देते. म्हणजे आधी नाही म्हणायचा पगार घेतला आणि आता हो म्हणायला लावायचा घेते. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय बघतात ते सांगते, मग बाकीचं आपोआप कळेल.

तिथे बसलेला माणूस मुलाला थेरपीची गरज आहे की नाही हे बघतच नाही. तो बघतो की हे बिल कुठल्या कप्प्यातलं आहे. साधी मेडिक्लेम पॉलिसी ॲडमिशनभोवती बांधलेली असते, २४ तास भरती किंवा डे केअरच्या यादीतली प्रोसिजर, आणि तिच्या आगेमागे ठरावीक दिवसांचा खर्च. तुमच्या मुलाची थेरपी म्हणजे आठवड्याला तीनदा जाऊन तासाभरात परत येणं, त्यात ॲडमिशन कुठेच नाही, म्हणून तो पहिल्याच चाळणीत बाहेर पडला. निदान ऑटिझम आहे म्हणून रिजेक्ट झालेलं नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे कारण पुष्कळ पालक "ऑटिझम एक्सक्लुडेड आहे" असं समजून गप्प बसतात. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये एक्सक्लुजन्सची जी नियमावली काढली त्यात कंपनीला कुठली एक्सक्लुजन्स टाकताच येणार नाहीत याची यादी आहे, आणि त्यात मानसिक आजार तर आहेच, शिवाय बिहेवियरल आणि न्यूरोडेव्हलपमेंटल डिसऑर्डर्स, वाचा आणि भाषेचे दोष, तोतरेपणा, डिस्लेक्सिया हेही आहे. म्हणजे पत्रात "न्यूरोडेव्हलपमेंटल डिसऑर्डर असल्याने नामंजूर" असं लिहून आलं तर ते भांडण्यासारखं आहे. "ओपीडी असल्याने नामंजूर" लिहून आलं तर नाही, पॉलिसीत ओपीडीचा रायडर नसेल तर तिथे वेळ घालवू नका.

त्याच नियमावलीची दुसरी बाजू सीपीवाल्यांनी जास्त लक्ष देऊन वाचावी. त्यात एक यादी अशी आहे की आधीपासून असलेले काही आजार कंपनी तुमच्या संमतीने कायमचे वगळून पॉलिसी देऊ शकते. त्या यादीत सीपी किंवा ऑटिझम नाही, पण एपिलेप्सी आहे. सीपी असलेल्या कितीतरी मुलांना फिट्स येतात, त्यामुळे होतं काय की पॉलिसी मिळते, बाप खूश, आणि फिट येऊन आयसीयूत भरती झाल्यावर कळतं की नेमकं तेच वगळलेलं आहे आणि खाली आपलीच सही आहे.

आता निरामय. घ्या, अगदी जरूर घ्या, पण ते नक्की काय आहे ते आधी समजून घ्या नाहीतर चिडचिड होईल. ही केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची योजना, १९९९ च्या कायद्याखालची, आणि त्या कायद्यात चारच गोष्टी आहेत: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत म्हणून लोक समजतात की सगळ्यांना मिळतं, तर नाही. नुसतं एडीएचडी, नुसता स्पीच डिले, नुसतं लर्निंग डिसॅबिलिटी, यांना निरामय नाही. "ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले" एवढंच लिहिलेला डॉक्टरांचा कागद घेऊन येणारे खूप असतात, त्यांना मी परत पाठवते, आधी सरकारी सर्टिफिकेट आणा, युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा, त्यावर या चारातलं नाव हवं. लहान मुलांना बऱ्याचदा मुदतीचं सर्टिफिकेट देतात, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा, मुदत गेली की निरामयचं रिन्युअल अडकतं.

निरामयमध्ये वर्षाला १ लाखाचं कव्हर, वयाची अट नाही, मेडिकल टेस्ट नाही, आधीपासूनचा आजार म्हणून कारण देत नाहीत (आजार आधीपासून आहे म्हणूनच तर योजना आहे). फी बीपीएलला २५०, इतरांना ५००, रिन्युअल ५० आणि २५०. नोंदणी नॅशनल ट्रस्टकडे नोंद असलेल्या संस्थेमार्फत होते. वर्ष ३१ मार्चला संपतं, तुम्ही जानेवारीत काढलं तरी मार्चमध्येच संपणार, म्हणून पहिल्यांदा काढणाऱ्यांनी एप्रिलच्या आसपास काढलेलं बरं.

पण १ लाख ऐकून १ लाखाची थेरपी मिळेल असं समजू नका. तो लाख कप्प्यांमध्ये वाटलेला आहे, सगळ्यात मोठा कप्पा हॉस्पिटल आणि सर्जरीचा, मग ओपीडी आणि औषधं, मग थेरपी, मग आयुर्वेद होमिओपॅथी वगैरे, आणि प्रवासखर्चाचा एक चिमूटभर. एका कप्प्यातलं उरलं म्हणून दुसऱ्यात वापरता येत नाही. मी ज्या तक्त्यावर सगळ्यात जास्त फायली लावल्या त्यात थेरपीचा कप्पा १०,००० चा होता. हे कप्पे बदलतात, तुमच्या चालू वर्षाचा तक्ता संस्थेकडून मागून घ्या. तुमचा वर्षाचा खर्च १ लाख ६८ हजार, त्यात १० हजार म्हणजे तीन आठवड्यांची सोय. तरी घ्या म्हणते कारण ५०० रुपयांत १० हजार परत येतात आणि औषधं, तपासण्या, दात हे वेगळ्या कप्प्यांतून वर मिळतं.

हा १० हजारांचा क्लेमसुद्धा लोकांचा का परत येतो ते सांगते, खरी मेख इथे आहे. सेंटरची पावती बघा तुमच्याकडची. नव्वद टक्के वेळा त्यावर लिहिलेलं असतं "मंथली फी, जून, १४,०००". टेबलापलीकडच्या माणसाला हे शाळेच्या फीसारखं दिसतं, आणि शाळेची फी, स्पेशल एज्युकेशनची फी, शॅडो टीचर, प्लेग्रुप हे काहीच थेरपीत बसत नाही. तेच बिल असं लिहून घ्या: मुलाचं नाव सर्टिफिकेटवर आहे तसंच, निदान, स्पीच थेरपी, किती सेशन, प्रत्येक सेशनची तारीख, एका सेशनचा दर, एकूण. ओटीचं बिल वेगळं. खाली थेरपिस्टचं नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर. सेंटरमध्ये स्पेशल एज्युकेशन आणि ओटी एकाच तासात मिसळून देत असतील तर बिलात तरी ते वेगळं दाखवायला सांगा, जेवढं खरंच ओटी झालं तेवढंच ओटी म्हणून.

रजिस्ट्रेशन नंबरचा एक घोळ नेहमी होतो. पालक प्रत्येकाला "आरसीआय नंबर द्या" म्हणतात आणि ओटीवाली मॅडम म्हणते माझ्याकडे नाही, मग पालकांना वाटतं ती बोगस आहे. तसं नाही हो. आरसीआयकडे, म्हणजे केंद्राच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, रिहॅब सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर नोंदलेले असतात. फिजिओ आणि ओटी यांची नोंदणी वेगळी, महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र कौन्सिल आहे, तिचा नंबर घ्यायचा. तीन महिन्यांचा कोर्स करून "बिहेवियर थेरपिस्ट" झालेल्या व्यक्तीकडे यातला कुठलाच नंबर नसतो, थेरपी चांगली असेलही, पैसे मात्र स्वतःच्या खिशातून धरा.

आणि बिलासोबत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन. हे नसलं तर बाकी सगळं असून फाइल परत. डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन किंवा न्यूरोलॉजिस्टने लिहिलेलं हवं की या मुलाला या निदानासाठी आठवड्याला इतकी सेशन्स स्पीच आणि इतकी ओटी, इतके महिने. "कंटिन्यू थेरपी" एवढं लिहिलं तर मोजायचं कशाने? आणि दोन वर्षांपूर्वीच्या प्रिस्क्रिप्शनवर आजचं बिल लावू नका, दर सहा महिन्यांनी नवीन घ्या. क्लेम ट्रीटमेंटनंतर ३० दिवसांत पाठवायचा असतो, त्यामुळे वर्षभराच्या पावत्या गोळा करून मार्चमध्ये गठ्ठा पाठवणारे हमखास मार खातात. महिना संपला की लगेच पाठवून मोकळं व्हायचं.

आता जावेच्या मुलीचं. तिच्याकडे खरं तर तुमच्यापेक्षा जास्त मिळण्यासारखं आहे कारण तिथे ॲडमिशन आहे. गेल्या काही वर्षांत मी लावलेली अशीच एक फाइल सांगते, तारखा आणि आकडे जरा गोल केलेत. मुलगी सात वर्षांची, दोन्ही पाय कडक, टाचा टेकत नाहीत, गुडघ्यामागचे आणि पोटरीचे स्नायू लांब करायचं ऑपरेशन. घरच्या मेडिक्लेममध्ये जन्मापासून नाव, ५ लाखांची पॉलिसी, डिस्चार्जनंतर ९० दिवसांचा खर्च देणारी. ऑपरेशनचं बिल १ लाख ८० हजार, ते कॅशलेस झालं. डिस्चार्ज १२ जूनला, म्हणजे ९० दिवस १० सप्टेंबरला संपतात.

या ९० दिवसांत फिजिओचं बिल मिळू शकतं, ज्या आजारासाठी भरती होती त्याच आजारासाठी आणि सर्जनने लिहून दिलेलं असेल तर. इथे थेरपी तीच, टेबल तेच, फिजिओ तोच, पण कप्पा बदलला म्हणून पास होते. आईवडिलांना वाटलं तीन महिने फिजिओ फुकट. पण पायाला प्लास्टर सहा आठवडे होतं! प्लास्टर निघालं २४ जुलैला. म्हणजे कामाचे उरले सात आठवडे, आठवड्याला पाच सेशन धरून ३५, एका सेशनचे ६०० म्हणजे २१,०००. म्हणून सर्जन आणि फिजिओशी आधीच बोलून ठेवा की प्लास्टर कधी निघणार, आणि निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सेशन चालू होतील असं बघा, "गणपतीनंतर सुरू करू" म्हणालात तर कव्हर तोपर्यंत संपलेलं असेल. पॉलिसी निवडायची संधी असेल तर ६०, ९० की १८० दिवस हा आकडा सीपीवाल्या घरात खोलीच्या भाड्याच्या मर्यादेइतकाच महत्त्वाचा आहे, एजंट तो कधी सांगत नाही.

२१ हजारांपैकी मिळाले १६,२००. आठ सेशनच्या पावत्यांवर तारखाच नव्हत्या, साध्या कागदावर "८ सेशन रु. ४८०० मिळाले" एवढंच, त्या कापल्या. पायाचे स्प्लिंट ९ हजारांचे होते तेही कापले, आणि ते बरोबरच होतं, कारण स्प्लिंट, ब्रेसेस, चालायची साधनं ही न मिळणाऱ्या वस्तूंच्या ठरलेल्या यादीत असतात. साधनांसाठी केंद्राची एडिप योजना वेगळी आहे, उत्पन्नात बसत असाल तर तिकडून बघा, इन्शुरन्सशी भांडू नका.

१० सप्टेंबरनंतरची फिजिओ मग निरामयच्या थेरपी कप्प्यात टाकली, १६ सेशनचे ९,६०० मिळाले आणि कप्पा संपला. क्रम लक्षात घ्या: आधी मोठी पॉलिसी जिथवर चालते तिथवर वापरायची, मग निरामय. एकच बिल दोघांकडे पूर्ण लावायचं नाही, दोघांनाही ओरिजिनल लागतात. एकाने अर्धवट दिलं असेल तर त्याचं सेटलमेंट लेटर आणि शिक्का मारलेल्या कॉपी घेऊन उरलेल्याचा क्लेम दुसरीकडे करता येतो.

जावेची पॉलिसी जन्मापासूनची नसेल, किंवा मुलीचं नाव नंतर घातलं असेल, तर ऑपरेशनच्या आधीच प्रपोजल फॉर्मची कॉपी शोधून वाचा. सीपीच्या फायली इथेच बुडताना मी सगळ्यात जास्त पाहिल्यात. मूल सातव्या महिन्यात जन्मलं, तीन आठवडे एनआयसीयूत होतं, तेव्हा सीपी कुणालाच माहीत नव्हती, फॉर्मवर "आजार: नाही" लिहिलं. पाच वर्षांचं झाल्यावर ऑपरेशन, कंपनीने जुने कागद मागवले, डिस्चार्ज कार्डवर जन्मावेळचा श्वासाचा त्रास आणि एनआयसीयू दिसलं, माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला. आईबापांनी लपवलं नव्हतं हो, त्यांना तो आजार वाटलाच नव्हता! आता नियम असा की आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं, आणि ६० महिने पॉलिसी अखंड चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दिली नाही हे कारण लावता येत नाही. त्यामुळे पाच वर्षं सलग भरलेली पॉलिसी मोडून स्वस्त म्हणून नवीन घेणं हा सीपीवाल्या घरासाठी वेडेपणा आहे. रिन्युअल चुकवू नका, बदलायचीच असेल तर पोर्ट करा म्हणजे जुनी वर्षं सोबत येतात.

अजून एक कलम. भरती करून फिजिओ दिली की पत्र येतं Code-Excl05, रेस्ट क्युअर आणि रिहॅबिलिटेशन. घाबरून मान्य करू नका, त्या कलमाची पूर्ण व्याख्या वाचा. तिथे मुख्यतः सक्तीची विश्रांती आणि उपचार नसलेली देखभाल वगळली आहे, अंघोळ घालणं, भरवणं असल्या गोष्टी. ऑपरेशननंतर सर्जनच्या देखरेखीखाली रोजचे उपचार चालू होते असं इनडोअर पेपरमध्ये दिसत असेल तर मुद्दा मांडता येतो. पण तिथे रोज फक्त "कंडिशन स्टेबल" लिहिलेलं असेल तर मीही काही करू शकत नाही. एमआरआय किंवा ईईजीसाठी मूल शांत बसत नाही म्हणून भूल देऊन एक दिवस भरती केलं तर Code-Excl04 येतं, फक्त तपासणीसाठीची भरती म्हणून. अशा वेळी डॉक्टरांनी कुठल्या त्रासासाठी तपासणी आणि पुढे काय उपचार बदलले हे लिहिलेलं असेल तर जीव असतो, नाहीतर नाही.

काही ठिकाणी तुम्हाला सुचवतील की मुलाला कागदावर दोन दिवस ॲडमिट दाखवू, थेरपीचं पॅकेज त्यात बसवू. अजिबात नको. टीपीएचा माणूस वॉर्डात बघायला येतो, मी स्वतः पाठवलेत. खोटं सापडलं की अख्ख्या घराची पॉलिसी जाते, आणि सीपी-ऑटिझमच्या मुलाला नवीन पॉलिसी मिळवणं किती अवघड आहे ते तुम्हाला सांगायला नको. स्टेम सेलचंही तेच, पाच-सहा लाखांचं पॅकेज "इन्शुरन्समध्ये होईल" म्हणून विकतात. कंपन्यांना जे स्टेम सेल मान्य आहे ते रक्ताच्या आजारांत बोनमॅरो ट्रान्सप्लांटसाठी, ऑटिझमसाठी नाही.

परत तुमच्या मुलाकडे येते. तुमचे किंवा मिस्टरांचे ऑफिसचे ग्रुप इन्शुरन्स असेल तर एचआरला एकच नेमका प्रश्न लिहून विचारा: डिपेंडंट मुलासाठी स्पीच, ओटी, बिहेवियर थेरपीला ओपीडीत काही मर्यादा आहे का आणि असेल तर कोणाचं प्रिस्क्रिप्शन चालतं. ग्रुपमध्ये आधीच्या आजाराची अट बहुधा काढलेली असते आणि काही कंपन्यांनी थेरपीचा छोटा कप्पा घेतलेला असतो, तो कुणी वापरत नाही कारण कुणाला माहीतच नसतो. स्वतंत्र पॉलिसी घ्यायची म्हणाल तर २०२३ मध्ये आयआरडीएआयने प्रत्येक हेल्थ इन्शुरन्स कंपनीला दिव्यांगांसाठी एक प्रॉडक्ट ठेवायला लावलंय, त्यामुळे "आम्ही ऑटिझमला देत नाही" म्हणणाऱ्या एजंटला तेच प्रॉडक्ट नावाने मागा. मात्र तीही पॉलिसी मुळात भरतीसाठीच आहे, थेरपीसाठी नाही, निमोनिया, फ्रॅक्चर, भाजणं यांसाठी घ्या.

आणि टॅक्स विसरू नका, हे इन्शुरन्स नाही तरी सांगते. जुन्या रेजीममध्ये कलम ८०-डीडी खाली दिव्यांगत्व ४० टक्क्यांपासून पुढे असेल तर ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी संबंध नाही, पावत्या नाहीत. ऑटिझम, सीपीला फॉर्म १०-आयए लागतो. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ७५ हजारांवर सेससकट १५,६०० वाचतात, म्हणजे माझ्या जुन्या तक्त्यातल्या निरामयच्या थेरपी कप्प्यापेक्षा जास्त, आणि तेही फाइल न लावता. नवीन रेजीममध्ये हे मिळत नाही, दोन्ही हिशोब करून बघा.

मूल सहा वर्षांच्या आत आहे तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, एकदा जाऊन या. तिथे थेरपी फुकट असते, गर्दी असते, आठवड्याला तीनऐवजी एक वेळ मिळेल, पण तुमच्या तीनांतलं एक तिकडे गेलं तर महिन्याचा तिसरा हिस्सा वाचला.

आधी सेंटरमधून जूनची पावती सेशनवार बदलून घ्या, आणि नवीन प्रिस्क्रिप्शन घ्या. जावेला सांगा ऑपरेशनची तारीख पक्की करायच्या आधी पॉलिसीच्या पुस्तकातलं पोस्ट हॉस्पिटलायझेशनचं पान आणि प्रपोजल फॉर्म, दोन्हींचे फोटो काढून ठेव. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला लेखी, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, वकील लागत नाही, फी नाही, पण नकाराचं पत्र लेखी हवं, फोनवर "होणार नाही मॅडम" म्हणाले ते चालत नाही.